अडीचशेची रेघ

रोसिलीचेचीच्या घरात एका वेळी एकच दिवा जळतो, आणि तोही माणूस असेल त्या खोलीत. तुम्ही पडवीतून स्वयंपाकघरात गेलात की पडवीतला दिवा मालवलाच म्हणून समजा. एकदा तिने मी जेवत असताना माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला. मी म्हटलं, "अहो चेची, अजून घास तोंडात आहे माझ्या." तर म्हणते, "शेवटचाच आहे ना? मग त्याला कशाला वारा?"

आम्ही मूळचे विट्याकडचे. सोनं गाळायच्या धंद्यापायी लग्नानंतर नवऱ्याबरोबर त्रिशूरजवळच्या ओल्लूरला आले आणि इथलीच झाले. माझी मुलं भांडतात मल्याळममध्ये आणि जेवायला मागतात मराठीत. रोसिलीचेचीचं, म्हणजे रोसिलीताईचं, घर आमच्या भिंतीला भिंत लावून. मला इथली भाषा तिने शिकवली, पहिल्या बाळंतपणात माझी आई पोचेपर्यंत मला तिनेच न्हाऊ घातलं. आणि मी फटकळ, तोंडाला कुलूप नाही, हे माहीत असून तिने मला कधी दार बंद केलं नाही. पंखा केला, पण दार नाही.

तिचा नवरा वरुण्णीचेट्टन, म्हणजे वरुण्णीदादा, कौलांच्या कारखान्यात होता. अख्खी हयात भट्टीच्या तोंडाशी गेली. चेहरा भाजून विटेच्या रंगाचा झालेला. सगळ्या गावाच्या घरांवर त्याच्या हातची कौलं, पण निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा या गृहस्थाने स्वतःच्या घरावरची कौलं उतरवून काँक्रीटचं छत घातलं. का, तर कौलांकडे बघून कंटाळा आला होता म्हणे! ते छत दिवसभर ऊन पितं आणि रात्री खाली ओततं. पण तेव्हा कोण बोलणार? नव्या छताचं कौतुक करायला पाद्री येऊन केक खाऊन गेले होते.

त्या घरात विजेचं एक खातं होतं आणि त्याचे दोन भाग होते. दिवे-पंखे बंद करणं रोसिलीचेचीचं, बिल भरणं चेट्टनचं. दोन महिन्यांनी बिल आलं की तो छत्री घेऊन वीज कचेरीत चालत जायचा, पैसे भरून यायचा आणि पावती स्वयंपाकघराच्या खिळ्याला टोचायचा. किती आलं, कसं आलं, हे तिने कधी विचारलं नाही. "मी वाचवते, ते भरतात. दोघांनी एकच काम कशाला करायचं?" असं तिचं म्हणणं. खिळ्यावरच्या जुन्या पावत्यांची शाई उन्हाने आणि चुलीच्या आचेने उडून जायची. तिथे कोऱ्या कागदांचा एक जुडगा लटकलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी चेट्टनला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. फक्त "आ" एवढंच म्हणता यायचं. खाण्यासाठी "आ", पाण्यासाठी "आ", रोसिलीसाठीही "आ". तिला मात्र सगळे वेगवेगळे कळायचे. तेव्हापासून बिल दाराच्या फटीत पडायचं. ती ते न बघता अंडी घेणाऱ्या पौलोसच्या हातात द्यायची, तो फोनवरून भरायचा आणि अंड्यांच्या हिशोबातून कापून घ्यायचा.

मुलगा जिंटो शारजात. एका मोठ्या दुकानाच्या गोदामात माल लावायचं काम. पोरगा गुणाचा, फार हळवा. रोज संध्याकाळी व्हिडिओवर बापाशी बोलायचा. बाप "आ" करायचा आणि हा तिकडे डोळे पुसत हसायचा. गेल्या वर्षापासून त्याच्या कंपनीत पगार अर्धा मिळतोय, कधी तोही नाही.

या वर्षी फेब्रुवारीतच उन्हाने जीव काढायला सुरुवात केली. चेट्टनची पाठ घामाने भिजून राहायची. माकडहाडाशी जखम झाली, मग दुसरी. घरी येऊन अंथरुणावरच्या रोग्यांना बघून जाणारी नर्स म्हणाली, "पाठ कोरडी ठेवा, खोली गार ठेवा. नाहीतर या जखमा भरायच्या नाहीत." खोली गार ठेवा! पंखा लावला की छताची सगळी आग थेट अंगावर. चेची ओल्या फडक्याने रात्रभर पुसत बसायची. मला पहाटे तिच्या बादलीचा आवाज यायचा.

जिंटोला हे कळल्यावर त्याने कुठून कुठून उसने करून, मित्राच्या ओळखीने एक वापरलेला एसी घेऊन पाठवला. मार्चच्या सुरुवातीला बसवला. मीटर बघणारा येऊन गेल्याला दोनच दिवस झाले होते. एसी बसवणाऱ्याला चेचीने पहिला प्रश्न विचारला, "किती खातो हा?"

"जुना आहे, अम्मच्ची. तासाला एक युनिट धरा."

त्या रात्री तो एसी सकाळपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी चेची माझ्याकडे साखर मागायला आली. साखर हे निमित्त. उंबऱ्यातच म्हणाली, "मोळे, ते तोंड मिटून झोपले गं. रात्री हात लावला तर कपाळ गार लागलं. मला आधी भीतीच वाटली. मग घोरायला लागले." आणि माझ्या दारात उभी राहून रडली. मोळे म्हणजे मुली. मी तिला मुलीसारखी, पण त्या दिवशी मीच तिला लहान पोरीसारखी जवळ घेतली.

संध्याकाळी जिंटोचा फोन आला. मी तिथेच होते, अच्चप्पमचे साचे तेलातून काढत होते. ही तांदळाच्या पिठाची फुलं, ती करून बेकरीत द्यायची हा चेचीचा धंदा. जिंटोने आधी बापाला बघितलं, मग आईला म्हणाला, "अम्मा, एक फोटो पाठवलाय. विजेच्या दराचा तक्ता. आमच्या इथल्या मल्याळी ग्रुपवर कोणीतरी टाकला होता, त्याचा मी स्क्रीनशॉट काढला. उघड."

चेचीने तेलकट बोटाने उघडला. मी खांद्यावरून बघितलं. फोटो वरून कापला गेलेला होता. मथळा नाही, काही नाही, थेट आकडेच सुरू. वर पाच ओळी, मग एक रेघ, रेघेखाली आणखी पाच ओळी, आणि बाजूला स्थिर आकाराचे आकडे.

"नीट ऐक हं," जिंटो म्हणाला. "पहिली पन्नास युनिटं तीन रुपये पस्तीस पैशांनी. पुढची पन्नास सव्वाचारने. मग पाच पस्तीस, मग सात वीस, मग साडेआठ. अशी पायरी पायरी अडीचशेपर्यंत. ज्या पायरीची युनिटं त्यांना त्याच पायरीचा दर, वर चढलं म्हणून खालचं महाग होत नाही."

"हे बरं आहे," चेची म्हणाली.

"थांब. आता रेघेखाली बघ. अडीचशेच्या वर एक जरी युनिट गेलं तर पायऱ्या संपल्या. मग पहिल्या युनिटापासून सगळी एकाच दराने. तीनशेच्या आत असलीस तर सगळी पावणेसातने. साडेतीनशेच्या आत सात साठ. चारशेच्या आत सात पंचाण्णव. पाचशेच्या आत सव्वाआठ. त्याच्याही वर नऊ वीस."

"म्हणजे अडीचशेवर पाय घसरला की जिना अख्खाच गेला?"

"तसंच. ती रेघ ओलांडायची नाही. आता सांग, गेल्या वेळी एसी नव्हता तेव्हा किती युनिटं झाली होती?"

गेल्या वेळची पावती पौलोसने परत आणून दिली होती, ती खिळ्याला न टोचता राहिलेली डब्याखाली सापडली. तिच्यावर तेल सांडून खालचा अर्धा भाग काळा पडलेला. वरचा युनिटांचा आकडा तेवढा दिसत होता. एकशे नव्वद.

"ठीक. दोन महिन्यांत एकशे नव्वद ती घराची. आता रोज किती तास लावायचाय?"

चेचीने आतल्या खोलीकडे बघितलं. चेट्टन जागा होता, कान इकडेच. "पाच तास," ती म्हणाली. "रात्रीचे."

तिकडे फोनवर टकटक झाली. "साठ दिवस, पाच तास, तीनशे युनिटं. एकशे नव्वद मिळवून चारशे नव्वद. सव्वाआठने चार हजार बेचाळीस. त्यावर दहा टक्के वीज शुल्क, चारशे चार. स्थिर आकार दोनशे पंच्याऐंशी. अम्मा, चार हजार सातशे बत्तीस."

तेलात एक फूल करपलं. ते बाहेर काढायचं कोणाला सुचलं नाही.

"माझ्याजवळ दोन हजार होतील," चेची म्हणाली. "अंडी आणि हे मिळून. तेवढे मी कसेही उभे करते."

"मी पाठवले असते गं..." त्याचा आवाज फाटला. "या महिन्यात पगारच नाही झालेला."

"तुला कोणी मागितलेत? दोन तासांचं सांग."

"दोन तास म्हणजे एकशे वीस. सगळी मिळून तीनशे दहा. सात साठने दोन हजार तीनशे छप्पन्न, शुल्क दोनशे छत्तीस, स्थिर आकार दोनशे चाळीस. दोन हजार आठशे बत्तीस."

"आणि एक तास?"

"एक तास म्हणजे साठ. बरोबर अडीचशे. रेघेच्या आत!" पोराला केवढं बरं वाटलं ते ऐकू येत होतं. "पायऱ्यांनी चौदाशे बत्तीस, शुल्क एकशे त्रेचाळीस, स्थिर एकशे साठ. सतराशे छत्तीस. अम्मा, एक तास जमेल. पण जास्त नको हं. एक युनिट जरी वर गेलं तरी दोन हजाराच्या वर जातं."

"एक तर एक," चेची म्हणाली. "काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. आमच्या घराचं वीजबिल भाड्यातच जातं, मालक भरतो आणि दर वर्षी त्या नावाने भाडं वाढवतो. जिंटोचं गणित चोख वाटलं. गुणाकार, बेरीज, टक्के, कुठे चूक नव्हती. नंतर मी कागदावर करून बघितलं, तरी नव्हती.

मग त्या घरात रोज रात्री एक तासाचा कारभार सुरू झाला. चर्चची रात्रीची घंटा झाली की एसी लावायचा. आणि इथेच सगळी मेख होती. ते काँक्रीटचं छत दिवसभराचं तापलेलं. एसीचा पहिला तास नुसता छताशी झुंजण्यात जायचा. तासाभराने कुठे खोली निवायला लागायची, चेट्टनच्या कपाळावरची आठी सैल व्हायची, पापण्या जड व्हायच्या, आणि तेवढ्यात बंद करायची वेळ. पुन्हा वरून आग. पुन्हा डोळे टक्क उघडे. एका तासात गारवा येतो, झोप दुसऱ्या तासात येते. तो दुसरा तास त्या घरात कधी आलाच नाही.

मी एकदा चिडून म्हटलं, "चेची, त्यापेक्षा लावूच नका. हा काय छळ आहे? ताट वाढायचं आणि घास उचलला की ओढून घ्यायचं."

"मग काय करू? तू सांग," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "बाकी काय बंद करायचं राहिलंय?"

खरंच काही राहिलं नव्हतं. मिक्सर बंद, ती पाट्यावर वाटायची. टीव्ही बंद. फ्रिज दिवसातून अर्धा वेळ बंद, नासलेलं दूध माझ्यापासून लपवून ओतायची. स्वतः पडवीत झोपायची, बिनपंख्याची, डासांत. तो उपासाचा काळ होता, ईस्टरच्या आधीचा. इथली ख्रिस्ती माणसं तेव्हा मटण-मासे सोडतात. मी थट्टेने म्हटलं, "तुम्ही यंदा वीजही सोडलीत वाटतं." ती हसली. चेट्टनही आतून "आ" करून हसला. त्याला थट्टा आवडायची.

आणि त्या माणसाचं काय सांगू! रिमोट त्याच्या डाव्या हाताशी ठेवलेला असायचा. तोच एक हात चालत होता. काही दिवसांनी चेचीच्या लक्षात आलं की तास व्हायच्या आधीच एसी गप्प होतो. आधी तिला वाटलं बिघडला. मग एकदा तिने दारातून बघितलं. बायको घड्याळाकडे बघत बसलीय हे बघून त्यानेच बटण दाबलं आणि डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. ती आत गेली, पुन्हा लावला. त्याने पुन्हा बंद केला. दोघं त्या रिमोटसाठी भांडली. एक बोलून, एक न बोलता. मला हे सांगताना ती म्हणाली, "बिल येईल म्हणून घाबरतात गं. आयुष्यभर भरलंय ना त्यांनी." भट्टीपाशी उभा राहून जन्म काढलेला माणूस, त्याला उन्हाची भीती नव्हती. बायकोला दोन हजाराच्या वर बिल येईल याची होती.

मीटरच्या काचेवर बोट ठेवून ती रोज आकडा बघायची. झाकण उघडून, चष्मा लावून, ओठ हलवत. मला विचाराल तर त्या मीटरला तिने जेवढ्या वेळा हात जोडले असतील तेवढ्या वेळा चर्चच्या वेदीलाही नसतील.

ईस्टर झाला. त्यानंतरच्या आठवड्यात चेट्टनला ताप भरला. जखमांतून झाला की छातीत कफ होता, नर्सला विचारलं तर ती म्हणाली, दोन्ही. दवाखान्यात न्यायची गाडी यायच्या आत दुपारी, पंख्याखाली, घामाच्या अंथरुणात त्याने मान टाकली. एसी बंद होता. दुपारी लावायचा नव्हता ना. ठरलेलं होतं.

मला हे खोटं सांगायचं नाही की एसी लावला असता तर चेट्टन वाचला असता. नसता वाचला, नर्सनेही तेच सांगितलं. पण चाळीस-पन्नास रात्री तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहिला, त्या रात्री झोपून काढता आल्या असत्या. माणसाला शेवटी एवढं मिळू नये का?

जिंटोला येता आलं नाही. मालकाने पासपोर्ट दिला नाही, तिकिटाचे पैसेही नव्हते. त्याने मित्राच्या खोलीतून फोनवर बापाला पुरताना बघितलं. फोन मी धरला होता. तो मलाही चेचीच म्हणतो. हुंदके देत एकच वाक्य म्हणत होता, "चेची, एसी तरी मिळाला ना अप्पनना? तेवढं तरी केलं ना मी?" मी म्हणत होते, "केलंस रे बाबा, केलंस."

सातव्या दिवसाची प्रार्थना झाली, पै-पाहुणे गेले, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला मीटर बघणारा सजीवन दारात आला. मी चेचीजवळ पडवीत बसून आमसुलं निवडत होते. त्याने मीटर बघितला, हातातल्या यंत्रावर आकडे दाबले, यंत्राने चिठ्ठी ओकली. चेट्टनबद्दल दोन शब्द बोलला. मग म्हणाला, "बाराशे सत्तर, चेची."

चेचीने चिठ्ठी घेतली. पहिल्यांदाच तिने बिल हातात धरून बघितलं. "युनिटं किती?"

"दोनशे अडतीस."

"मग एवढं कमी कसं?" ती म्हणाली. "तू चुकलास का? मला दुसऱ्याचं फुकट नको. अडीचशेला सतराशे छत्तीस सांगितलेत पोराने, मग दोनशे अडतीसला सोळाशेच्या वर व्हायला हवं."

सजीवन हसला. "पहिल्यांदा कोणीतरी बिल कमी आलं म्हणून भांडतंय. कुठून काढलंत सोळाशे?"

चेचीने फोन आणून स्क्रीनशॉट दाखवला. त्याने एक नजर टाकली. "तक्ता बरोबर आहे. पण हा महिन्याचा आहे, चेची. वर लिहिलेलं असतं, इथे कापलं गेलंय. आणि आपलं बिल दोन महिन्यांचं. सगळ्या पायऱ्या दुप्पट धरायच्या. पहिली पन्नास नाही, पहिली शंभर तीन पस्तीसने. पुढची शंभर सव्वाचारने. तुमची वरची अडतीस फक्त पाच पस्तीसने गेली. चिठ्ठीवर छापलंय बघा. बरेच जण इथेच फसतात."

चेची चिठ्ठीकडे बघत होती. "आणि अडीचशेची रेघ?"

"तीही दुप्पट. दोन महिन्यांना पाचशे. तुम्ही कुठे, पाचशे कुठे! अर्ध्यावरसुद्धा नाही." त्याने यंत्र पट्ट्याला अडकवलं, चपला घातल्या आणि पुढच्या घराकडे निघून गेला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, त्याने काय सांगितलं ते.

मी निवडायचं थांबवलं होतं. चेची आत जाऊन बेकरीच्या हिशोबाची पेन्सिल घेऊन आली आणि चिठ्ठीची मागची बाजू माझ्यापुढे ठेवली.

"दोन तासांचं कर."

"चेची, राहू दे."

"कर म्हणते ना."

मी केलं. दुसरं काय करणार? तीनशे दहा युनिटं. पहिल्या शंभराचे तीनशे पस्तीस. दुसऱ्या शंभराचे चारशे पंचवीस. तिसऱ्याचे पाचशे पस्तीस. वरची दहा सात वीसने, बहात्तर. तेराशे सदुसष्ट. दहा टक्के शुल्क, एकशे सदतीस. स्थिर आकार महिन्याला एकशे चाळीस, दोन महिन्यांचे दोनशे ऐंशी. मी बेरीज दोनदा केली. पेन्सिलीचं टोक माझ्या हाताने कागदात घुसत होतं, एवढा मला राग येत होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. तक्त्यावर? त्या ग्रुपवरच्या माणसावर, ज्याने मथळा कापला? देवावर?

"सतराशे चौऱ्याऐंशी," मी म्हटलं.

"दोन हजाराच्या आत," चेची म्हणाली.

"हो."

"दुसरा तास बसत होता."

"हो, चेची."

तिने मान हलवली, बाजारभाव ऐकल्यासारखी. मग तिचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला. "बंद करायला ते स्वतः हात पुढे करायचे," ती म्हणाली. "मी म्हणायचे, शहाणे आहात, तुम्हाला कळतं. मी त्यांचं कौतुक करायचे गं, मोळे. बंद केलं म्हणून."

मला रडू फुटलं. तिला नाही फुटलं. ती नुसती बसून राहिली, आणि तिच्यासाठी करण्यासारखं जगात काही नव्हतं. बिलाचं सगळं चेट्टनला माहीत होतं, बोलता आलं असतं तर दुप्पट धरायचं हे त्याने एका वाक्यात सांगितलं असतं. पण वाक्यच तर गेलं होतं त्याचं.

तेवढ्यात फोन वाजला. जिंटो. चेचीने चेहरा पुसला, फोन उभा धरला. पोरगा वाळला होता, दाढी वाढलेली.

"अम्मा, जेवलीस?"

"जेवले. तू?"

"हो. आज मीटरवाला येणार होता ना? आला?"

"येऊन गेला."

"किती झाली युनिटं?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "दोनशे अडतीस."

टकटक ऐकू आली. पोराने तिकडे तक्ता उघडला असणार. "म्हणजे सोळाशे चोवीस यायला हवं. तेवढंच आलं?"

चिठ्ठी तिच्या मांडीवर होती, बाराशे सत्तरची बाजू वर, माझ्या गणिताची खाली.

"तेवढंच," चेची म्हणाली. "बरोबर तेवढंच. तू सांगितलंस तसंच."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? तू रेघ सांभाळलीस, अम्मा. दोन तास लावले असते तर आपण मेलोच असतो." मग त्याचा आवाज खाली आला. "एक तास तरी अप्पनना गार मिळालं. मला रात्री झोप येत नाही, पण तेवढं आठवलं की बरं वाटतं."

"मिळालं रे. छान झोपायचे. तूही झोप आता."

फोन ठेवल्यावर माझा बांध फुटला. मी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. "कशाला ठेवायचं हे भूत? आत्ताच्या आत्ता पुसून टाकते," म्हणत मी तो स्क्रीनशॉट शोधला. पाच ओळी, रेघ, पाच ओळी. माझा अंगठा पुसायच्या खुणेवर होता.

चेचीने माझं मनगट धरलं.

"नको पुसू," ती म्हणाली. "पुढच्या बिलाला तो पुन्हा विचारेल. तेव्हा याच्यावरूनच काढून त्याला आकडा सांगावा लागेल. तू मला शिकव, पन्नास पन्नासने कसं करायचं ते."

मी पेन्सिल उचलली आणि तिला ते चुकीचं गणित पहिल्या ओळीपासून शिकवायला बसले.